सर्वांत जवळची वाट: उत्तर मिळाले, पण ते बरोबर कशावरून?

दोन ठिकाणांमधील सर्वांत कमी वेळेची वाट कागदावर शोधून काढणे फारसे अवघड नाही. ठिकाणांचे टिंब काढावेत, त्यांना जोडणाऱ्या रस्त्यांच्या रेघा ओढाव्यात, प्रत्येक रेघेवर लागणारी मिनिटे लिहावीत आणि बेरजा करत पुढे सरकावे. गणितात अशा आकृतीला भारांकित आलेख म्हणतात. टिंब म्हणजे शिरोबिंदू, रेघ म्हणजे कडा आणि तिच्यावरचा आकडा म्हणजे भार. संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात हे उदाहरण हमखास येते आणि माल पोहोचवणाऱ्या गाडीचा मार्ग ठरवणारा व्यावसायिकही नकळत तेच गणित सोडवत असतो. खरी अडचण उत्तर मिळाल्यानंतर सुरू होते. हातात आलेली वाट खरोखरच सर्वांत जवळची आहे, हे ठरवायचे कसे?

बहुतेक जण अशा वेळी आणखी दोन-चार वाटा मोजून पाहतात. त्या लांब निघाल्या की उत्तर बरोबर ठरले असे मानून कागद मिटतात. ही पडताळणी अपुरी आहे. ती कुठे फसते आणि पुरी कशी करता येते, हे आपल्या ओळखीच्या गावांच्या एका उदाहरणावरून पाहू.

म्हापसा ते कुडचडे

म्हापशाहून कुडचड्याला जायचे आहे असे समजा. वाटेत पणजी, डिचोली, कुठ्ठाळी, फोंडा आणि मडगाव ही पाच ठिकाणे धरू. खालील मिनिटे उदाहरणापुरती गृहीत धरलेली आहेत. प्रत्यक्ष प्रवासाचा वेळ रहदारीनुसार वेगळा असणार, हे उघड आहे.

म्हापसा–पणजी २५
म्हापसा–डिचोली ३०
पणजी–कुठ्ठाळी २५
पणजी–फोंडा ४५
डिचोली–फोंडा ३८
कुठ्ठाळी–मडगाव ३०
कुठ्ठाळी–फोंडा ३५
फोंडा–मडगाव ४०
फोंडा–कुडचडे ४५
मडगाव–कुडचडे ३०

सात ठिकाणे आणि दहा रस्ते. हे गणित सोडवण्याची रूढ रीत डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांच्या नावाने ओळखली जाते. ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात तयार झालेल्या आर्मॅक या संगणकाची क्षमता सामान्य माणसांना कळेल अशा प्रश्नातून दाखवायची होती. त्यासाठी त्यांनी १९५६ मध्ये ही रीत योजली आणि नेदरलँड्समधील ६४ शहरांच्या नकाशावर ती चालवून दाखवली. तीन पानांचा मूळ लेख १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला.

रीत अशी: आरंभस्थानाला शून्य हा आकडा द्यायचा. तिथून थेट जाता येईल अशा ठिकाणांपाशी लागणारी मिनिटे पेन्सिलीने लिहायची. ज्या ठिकाणाची पेन्सिलीतली नोंद सर्वांत लहान असेल तिला शाईने पक्की करायची आणि त्या ठिकाणाहून पुढच्या ठिकाणांच्या नोंदी करायच्या. एखाद्या ठिकाणी आधीच नोंद असेल आणि नवी बेरीज तिच्यापेक्षा लहान आली, तर जुनी खोडून नवी लिहायची. शेवटचे ठिकाण शाईने पक्के झाले की थांबायचे.

आपल्या नकाशात पणजी २५ आणि डिचोली ३० वर पक्के होते. पणजीहून कुठ्ठाळीला ५० आणि फोंड्याला ७० मिनिटे लागतात. डिचोलीमार्गे मात्र फोंडा ६८ मिनिटांतच येते, म्हणून ७० खोडून ६८ लिहावे लागतात. कुठ्ठाळीहून मडगाव ८० वर येते. फोंडा पक्के झाल्यावर कुडचड्यापाशी ६८ अधिक ४५, म्हणजे ११३ ही पहिली नोंद होते.

चूक इथेच होते

कुडचड्यापाशी आकडा दिसला की काम संपले असे वाटू लागते. प्रत्यक्षात ११३ ही नोंद अजून पेन्सिलीतली आहे आणि ८० ही मडगावची नोंद तिच्याहून लहान असूनही पक्की व्हायची राहिली आहे. जो इथेच थांबेल त्याचे उत्तर असे येईल: म्हापसा, डिचोली, फोंडा, कुडचडे, ११३ मिनिटे.

आता हा गणिती आपल्या उत्तराची पडताळणी करू लागतो. डिचोलीऐवजी पणजीवरून फोंडा गाठले तर? ११५. पणजी, कुठ्ठाळी आणि मग फोंडा असे गेलो तर? १३०. डिचोली, फोंडा आणि तिथून मडगाव असा वळसा घेतला तर? १३८. तीनही वाटा लांब निघाल्या, म्हणून ११३ हे उत्तर पक्के झाले असे त्याला वाटते.

त्या तीन वाटांकडे पुन्हा पाहावे. तिन्ही फोंड्यावरूनच जातात. आपण पर्याय शोधतो तेव्हा डोळ्यांसमोर आधीचीच वाट असते, आणि तिच्यात इकडेतिकडे थोडा बदल करून आपण ‘दुसरी’ वाट तयार करतो. त्यामुळे तुलना होते ती एकाच घरातल्या भावंडांची. फोंड्याला न जाता पणजी, कुठ्ठाळी, मडगाव असे उतरत कुडचडे गाठणारी वाट त्या यादीत आलीच नाही. तिची बेरीज २५, २५, ३० आणि ३० मिळून ११० होते. याच गणितातली खरी जवळची वाट ती आहे.

ती नजरेतून सुटण्याला आणखी एक कारण आहे. चुकीच्या वाटेत तीनच टप्पे आहेत, हिच्यात चार आहेत. टप्पे कमी म्हणजे वेळ कमी, अशी मनाची सहज समजूत असते. भारांकित आलेखात टप्प्यांच्या संख्येला काही किंमत नाही. किंमत असते ती बेरजेला.

सगळ्याच वाटा मोजल्या तर?

नकाशा लहान असेल तर हाही उपाय आहे. एकही ठिकाण दुसऱ्यांदा न गाठता म्हापशाहून कुडचड्याला जाण्याच्या एकूण ११ वाटा आपल्या नकाशात आहेत. पहिला टप्पा पणजी असलेल्या ७ आणि डिचोली असलेल्या ४. त्यांतली सर्वांत लांब वाट १९८ मिनिटांची आहे. क्रम बांधून घेतला, म्हणजे एका ठिकाणाहून निघणारे सगळे रस्ते संपल्याशिवाय मागे यायचे नाही असे ठरवले, तर पंधरा मिनिटांत सगळ्या वाटा लिहून होतात. एखाद्या वाटेची अर्धवट बेरीजच हातातल्या उत्तरापेक्षा मोठी झाली तर ती तिथेच सोडून द्यावी. भार ऋण नसतील तर पुढे गेल्याने बेरीज कमी होणे शक्य नाही.

पण हा उपाय फार लवकर दमतो. चौकोनी आखलेल्या शहरात दहा चौक पूर्वेला आणि दहा चौक उत्तरेला जायचे असेल, तर मागे न वळता जाण्याच्या वाटाच १,८४,७५६ होतात. ही यादी हाताने कुणी करणार नाही. म्हणून सगळ्या वाटा न लिहिता सगळ्यांची तुलना करता येईल, अशी काही युक्ती हवी.

एकेक रस्ता बंद करून पाहणे

पहिली युक्ती एका साध्या निरीक्षणावर उभी आहे. आपल्या वाटेपेक्षा वेगळी असलेली कोणतीही वाट आपल्या वाटेतला निदान एक तरी रस्ता वापरत नाही. सगळेच रस्ते वापरले तर ती आपलीच वाट झाली. तेव्हा आपल्या वाटेतला एकेक रस्ता बंद आहे असे समजावे आणि प्रत्येक वेळी उरलेल्या नकाशात सर्वांत जवळची वाट काढावी. वाटेत तीन रस्ते असतील तर तीन वेळा, चार असतील तर चार वेळा. एवढ्या तुलनांत एकही पर्याय निसटत नाही.

११३ मिनिटांच्या उत्तरावर हे करून पाहू. फोंडा–कुडचडे हा रस्ता बंद केला की कुडचड्यात शिरायला मडगावचाच रस्ता उरतो. मडगावला लवकरात लवकर कसे पोहोचायचे हे शोधावेच लागते आणि कुठ्ठाळीवरून ८० मिनिटे हे उत्तर समोर येते. त्यात ३० मिळवले की ११०. आधीच्या तीन तुलनांतून सुटलेली चूक इथे पहिल्याच फटक्यात सापडली, कारण मनाला फोंड्यावरून बाजूला होणे भाग पडले.

आता हीच कसोटी ११० मिनिटांच्या वाटेला लावू. म्हापसा–पणजी, पणजी–कुठ्ठाळी, कुठ्ठाळी–मडगाव, मडगाव–कुडचडे यांपैकी कोणताही एक रस्ता बंद केला, तरी उरलेल्यांतली उत्तम वाट ११३ मिनिटांची, डिचोली–फोंड्यावरून जाणारीच निघते. ११० पेक्षा लहान काही सापडत नाही. उत्तर बरोबर आहे.

रस्ता ‘बंद’ समजणे ही गोव्याला केवळ कागदावरची कल्पना वाटू नये. १९८६ च्या जुलैमध्ये मांडवीवरील नेहरू पूल कोसळला, तेव्हा म्हापसा आणि पणजी यांना जोडणारी रेघच नकाशातून पुसली गेली होती आणि तिच्या जागी फेरीबोटीची, वेगळ्या मिनिटांची रेघ आली होती. अशा दिवशी दुसऱ्या क्रमांकाची वाट कोणती आणि ती किती लांब, हे आधी ठाऊक असणे उपयोगाचे ठरते. या युक्तीतून ती माहिती आपोआप हाती येते.

प्रत्येक रस्त्याची एक वजाबाकी

दुसरी युक्ती याहून सोपी आणि अधिक भक्कम आहे. तिच्यासाठी नवी वाट शोधावी लागत नाही. गणित करताना प्रत्येक ठिकाणापाशी जे आकडे आपण लिहिले, तेच घ्यायचे. बरोबर सोडवलेल्या गणितात ते असे आहेत: म्हापसा ०, पणजी २५, डिचोली ३०, कुठ्ठाळी ५०, फोंडा ६८, मडगाव ८०, कुडचडे ११०.

आता दहाही रस्ते एकेक करून तपासायचे. रस्त्याच्या दोन टोकांवरील आकड्यांचा फरक काढायचा. तो फरक त्या रस्त्याच्या मिनिटांपेक्षा मोठा असता कामा नये. पणजी–फोंडा या रस्त्याची टोके २५ आणि ६८, फरक ४३, रस्ता ४५ मिनिटांचा, ठीक. कुठ्ठाळी–फोंडा फरक १८, रस्ता ३५, ठीक. फोंडा–मडगाव फरक १२, रस्ता ४०, ठीक. फोंडा–कुडचडे फरक ४२, रस्ता ४५, ठीक. उरलेल्या सहा रस्त्यांवर फरक आणि मिनिटे तंतोतंत जुळतात.

एवढ्याने उत्तर सिद्ध कसे होते? म्हापशाहून कोणत्याही वाटेने निघालेला प्रवासी डोळ्यांसमोर आणावा. निघताना त्याच्यापाशी शून्य हा आकडा आहे आणि शेवटी त्याला ११० वर पोहोचायचे आहे. कोणताही रस्ता त्याला स्वतःच्या मिनिटांपेक्षा जास्त वर चढवू शकत नाही, हे आपण नुकतेच तपासले. मग शून्यावरून ११० पर्यंत चढायला त्याला निदान ११० मिनिटे लागणारच, वाट कोणतीही असो. अकराही वाटा, आणि एखादे ठिकाण पुन्हा पुन्हा गाठणाऱ्या असंख्य वाटासुद्धा, दहा वजाबाक्यांत मोजल्या गेल्या.

चुकलेले गणित या कसोटीत लगेच उघडे पडते. कुडचड्यापाशी ११३ लिहून थांबलेल्या माणसाने मडगाव–कुडचडे रस्ता तपासला, तर टोके ८० आणि ११३, फरक ३३, रस्ता मात्र ३० मिनिटांचा. दुसरी नेहमीची चूक म्हणजे जुनी नोंद खोडायला विसरणे. फोंड्यापाशी ६८ ऐवजी ७० तसेच राहिले असते, तर डिचोली–फोंडा रस्त्यावर फरक ४० आणि मिनिटे ३८ अशी विसंगती दिसली असती. कसोटी चूक झाल्याचे सांगते आणि ती कोणत्या रस्त्यापाशी आहे हेही दाखवते.

मात्र एक अट विसरू नये. नुसती वजाबाकी पुरेशी नाही. सगळ्या ठिकाणांपाशी शून्य लिहिले तरी दहाही रस्ते ती कसोटी सहज पार करतील. म्हणून दुसरी बाजूही तपासायची: आपण सांगत असलेल्या वाटेची प्रत्यक्ष बेरीज करून ती शेवटच्या आकड्याइतकीच येते ना, हे पाहायचे. वजाबाकी सांगते की ११० पेक्षा कमी शक्य नाही. बेरीज सांगते की ११० मध्ये जाता येते. दोन्ही जुळल्या की वादाला जागा उरत नाही.

ताणलेले आणि सैल दोरे

हे सारे डोळ्यांनी पाहायचे असेल तर सात मणी आणि दहा दोरे घ्यावेत. प्रत्येक मिनिटाला एक सेंटिमीटर या हिशेबाने दोरे कापून मणी जोडावेत आणि म्हापशाचा मणी धरून सगळे जाळे उचलावे. कुडचड्याचा मणी ११० सेंटिमीटर खाली लोंबेल. पणजी, कुठ्ठाळी, मडगाव यांच्यामधून जाणारे दोरे ताठ असतील. फोंडा–कुडचडे हा दोरा ३ सेंटिमीटरने सैल राहील, पणजी–फोंडा २ सेंटिमीटरने, कुठ्ठाळी–फोंडा १७ आणि फोंडा–मडगाव २८ सेंटिमीटरने. ही ढील म्हणजेच आपल्या वजाबाकीत उरलेले अंतर.

या ढिलीवरून पर्यायी वाटांची तुलनाही पुन्हा ताडून पाहता येते. चढत्या आकड्यांकडे जाणाऱ्या वाटेवरील ढिलींची बेरीज म्हणजे ती वाट उत्तम वाटेपेक्षा किती लांब, याचे उत्तर. पणजी–फोंडा–कुडचडे या वाटेवर ढील २ आणि ३, एकूण ५, म्हणजे ११५. कुठ्ठाळीवरून फोंड्याला जाणारी वाट १७ आणि ३ मिळून २० ने लांब, म्हणजे १३०. थेट बेरीज केल्यावरही हेच आकडे आले होते. दोन वेगळ्या हिशेबांनी एकच आकडा येणे, हीच हाताने केलेल्या गणितातील सर्वांत विश्वासार्ह साक्ष होय.

कसोटी कुठवर पुरते

वरील वजाबाकीत रस्ता दोन्ही दिशांना सारख्याच मिनिटांचा आहे असे धरले आहे. एकदिशा मार्ग असेल, किंवा घाट चढायला जास्त आणि उतरायला कमी वेळ लागत असेल, तर प्रत्येक दिशा वेगळा रस्ता मानावी आणि ज्या ठिकाणी पोहोचतो त्याच्या आकड्यातून जिथून निघालो त्याचा आकडा वजा करावा. भार ऋण असतील, उदाहरणार्थ मिनिटांऐवजी विजेवर चालणाऱ्या गाडीची खर्च झालेली वीज मोजत असू आणि उतारावर बॅटरी थोडी भरत असेल, तर सर्वांत लहान नोंद पक्की करत जाण्याची डाइक्स्ट्रांची रीत चुकू शकते. वजाबाकीची कसोटी मात्र तेव्हाही खरीच राहते.

तिची खरी मर्यादा वेगळी आहे. कसोटी गणित तपासते, नकाशा तपासत नाही. एखादा रस्ता काढायचाच राहिला, किंवा ३० च्या जागी २० लिहिले गेले, तर सगळ्या वजाबाक्या सुरळीत जुळतील आणि उत्तर तरीही चुकीचे असेल. म्हणून पडताळणीची सुरुवात रेघा आणि आकडे मूळ माहितीशी ताडण्यापासून करावी.

आणि शेवटी त्या ३ मिनिटांच्या ढिलीकडे पुन्हा लक्ष द्यावे. आपल्या उदाहरणात पहिल्या आणि दुसऱ्या वाटेत अंतर आहे ते एवढेच. पणजीपासून कुडचड्यापर्यंत कुठेही ३ पेक्षा जास्त मिनिटे वाया गेली, की डिचोली–फोंड्याची वाट सरस ठरते. मिनिटे अंदाजाने लिहिलेली असतील, तर अशा उत्तराला ‘सर्वांत जवळची वाट’ म्हणण्याऐवजी ‘दोन जवळजवळ सारख्या वाटा’ म्हणणे अधिक प्रामाणिक. पणजी–कुठ्ठाळी–मडगावची वाट निवडताना मात्र १३८ मिनिटांच्या वळशाची धास्ती बाळगायचे कारण नाही. २८ मिनिटांची तफावत अंदाजातल्या किरकोळ चुकीने भरून निघत नाही.